‘पाठवू का?’ विचारून थांबलेली फाइल

एका जुन्या वाचनालयात बांधीव मासिकांचे खंड स्कॅन करण्याचं काम चालू होतं. एका खंडाची ४३० पानं, प्रत्येक पानाचं चित्र साधारण २.४ एमबी. स्कॅन झालं की एक छोटी स्क्रिप्ट ती पानं एकेक करून दूरच्या सर्व्हरवर चढवायची. वाचनालयाची लाइन चांगली होती, अपलोडचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट. तरीही एक खंड चढायला साडेदहा मिनिटांच्या वर वेळ लागत होता आणि ग्रंथपाल बाईंनी मला विचारलं, “सर, नेट बदलून घेऊ का?”

मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. २.४ एमबी म्हणजे १९.२ मेगाबिट. चाळीसच्या वेगानं एक पान जायला अर्धा सेकंदही लागायला नको. ४३० पानांना साडेतीन मिनिटं पुरायला हवीत. बाकीची सात मिनिटं कुठे जात होती? लाइन मधूनच अडखळत असती तर काही पानं पटकन गेली असती, काही रेंगाळली असती. इथे प्रत्येक पानाला अगदी सारखाच वेळ लागत होता, दीड सेकंद. नेट इतकं शिस्तीत कधीच बिघडत नाही. इतका नेमका उशीर दिसला की कुणीतरी ठरवून थांबतंय असं समजावं.

स्क्रिप्ट ‘कर्ल’ हा प्रोग्राम वापरत होती. फाइल पाठवायची-आणायची कामं करणारा हा प्रोग्राम इतका सर्वदूर आहे की आपल्याला न कळता तो रोज आपल्यासाठी राबत असतो. त्याला प्रत्येक पावलाची वेळ छापायला सांगितली:

```
curl -v --trace-time -T pan-0112.jpg $URL
```

पडद्यावर आलेल्या ओळींपैकी कामाच्या या पाच:

```
11:42:07.318204 > PUT /khand-07/pan-0112.jpg HTTP/1.1
11:42:07.318204 > Content-Length: 2411724
11:42:07.318204 > Expect: 100-continue
11:42:08.320117 * Done waiting for 100-continue
11:42:08.815390 < HTTP/1.1 201 Created
```

चौथ्या ओळीची वेळ पाहा. ७ सेकंदांवर आपण बोललो, ८ सेकंदांवर ‘वाट पाहून झाली’ अशी नोंद आली. या एका सेकंदात तारेवरून एक बाइटही गेला नाही. फाइल खरोखर गेली ती त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात. साऱ्या उशिराचं मूळ तिसऱ्या ओळीत आहे, `Expect: 100-continue`.

ही ओळ काय म्हणते ते बाजार समितीच्या उदाहरणानं लवकर कळेल. कांद्याचा टेम्पो भरून निघण्याआधी शेतकरी आडत्याला फोन करतो. “एवढा माल आहे, घेऊन येऊ का?” आडत्या म्हणाला “या”, तर टेम्पो निघतो. तो म्हणाला “आज लिलाव बंद आहे”, तर डिझेल वाचतं. वेबवर फाइल पाठवतानाही दोन भाग असतात. आधी जातात हेडर: कुठे पाठवायचंय, किती बाइट आहेत, पाठवणारा कोण, त्याचं ओळखपत्र काय. मग जाते बॉडी, म्हणजे प्रत्यक्ष फाइल. एरवी दोन्ही एकापाठोपाठ जातात. पण हेडरांमध्ये `Expect: 100-continue` असं लिहिलं की अर्थ होतो, ‘हेडर पाहा, हरकत नसेल तर सांगा, मग बॉडी पाठवतो’. सर्व्हरनं होकार द्यायचा तो `100 Continue` या छोट्या उत्तरानं. नकार द्यायचा तर थेट शेवटचं उत्तर: ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा, ४१३ म्हणजे फाइल फार मोठी. शंभर हा आकडा शेवटचा निकाल नसतो. तो मधला हुंकार आहे. खरा निकाल बॉडी पोचल्यावर वेगळा येतो.

वाचनालयाच्या फाइली घेणारा सर्व्हर प्रोग्राम कुणीतरी घरच्या घरी लिहिलेला होता. तो हेडर वाचायचा, त्यातला बाइटांचा आकडा घ्यायचा आणि तेवढे बाइट येण्याची वाट पाहत बसायचा. `Expect` हा शब्द त्यानं कधी ऐकलेलाच नव्हता. म्हणजे इकडे कर्ल होकाराची वाट पाहतंय, तिकडे सर्व्हर फाइलची. दारात दोन भिडस्त माणसं समोरासमोर यावीत आणि “आधी तुम्ही”, “नाही, आधी तुम्ही” असं चालावं, तसं. ही कोंडी फुटली ती कर्लचा धीर एका सेकंदात संपतो म्हणून. १,००० मिलिसेकंद ही त्याची ठरलेली मर्यादा आहे, हवी तर बदलता येते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की तो फाइल पाठवू लागतो.

धीर संपण्याची ही सोय नियमातच आहे. एचटीटीपी/१.१ चा जून १९९९ चा मसुदा, आरएफसी २६१६, रॉय फील्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला. त्यात `Expect` हेडर आलं आणि त्याच वेळी बजावून ठेवलं की पाठवणाऱ्यानं होकारासाठी बेमुदत थांबू नये. कारण वाटेत एचटीटीपी/१.० बोलणारा जुना प्रॉक्सी असू शकतो, आणि त्या जुन्या बोलीत ‘मधलं उत्तर’ हा प्रकारच नाही. होकार तिथेच अडकतो. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही हेच कायम आहे. मात्र किती थांबायचं ते नियमानं सांगितलेलं नाही, म्हणून प्रत्येक प्रोग्रामनं आपापला आकडा ठरवला. कर्लचा एक सेकंद, गो भाषेच्या ठरलेल्या क्लायंटचाही एक सेकंद, जुन्या डॉटनेटचा ३५० मिलिसेकंद, जावाच्या मूळ एचटीटीपी वर्गाचा पाच सेकंद. त्याच सर्व्हरकडे तीच फाइल पाठवताना एकाला किंचित खोळंबा वाटतो आणि दुसऱ्याला सगळं ठप्प झाल्यासारखं वाटतं, ते यामुळे. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ही मर्यादा चुकून काढून टाकली असेल तर मात्र फाइल कायमचीच थांबते.

१९९९ मध्ये ही पद्धत शहाणपणाची होती, हे आवर्जून सांगायला हवं. त्या काळच्या घरगुती मोडेमचा अपलोडचा वेग चांगल्यात चांगला ३३.६ किलोबिट. आमचं ते २.४ एमबीचं पान त्या लाइनवरून जायला साडेनऊ मिनिटं लागली असती. साडेनऊ मिनिटं घालवून शेवटी ‘पासवर्ड चुकला’ असं ऐकण्यापेक्षा आधी एक सेकंद थांबून विचारणं केव्हाही परवडलं. आज तेच पान अर्ध्या सेकंदात जातं आणि विचारण्याचा सेकंद मात्र तेवढाच राहिला आहे. सर्व्हर पटकन होकार देत असेल तर खर्च फक्त एका फेरीचा, काही मिलिसेकंदांचा. पण तो गप्प राहिला तर विचारणं पाठवण्याच्या दुप्पट महाग पडतं. वाचनालयात ४३० पानांमागे ४३० सेकंद, म्हणजे सात मिनिटं दहा सेकंद, नुसती वाट पाहण्यात जात होती.

असा उशीर ओळखण्याच्या खुणा पक्क्या आहेत. पहिली म्हणजे तो फाइलच्या आकाराबरोबर वाढत नाही. १० एमबीच्या फाइललाही एक सेकंद आणि १०० एमबीच्या फाइललाही एकच सेकंद. दुसरी खूण अशी की लहान फाइलींना तो होतच नाही. कर्ल हे हेडर एक मेगाबाइटपेक्षा, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांपेक्षा, मोठ्या बॉडीलाच लावतो. (पूर्वी फॉर्मसारख्या पोस्ट विनंत्यांसाठी ही सीमा फक्त १,०२४ बाइट होती. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या यंत्रांत तो सेकंद फार लवकर भेटतो.) त्यामुळे ९०० केबीची फाइल झटकन जाते, १,१०० केबीची अडखळते, आणि माणसाचा समज होतो की ‘मोठ्या फाइली जड जातात’. वाचनालयात तेच झालं होतं. त्यांनी चित्रांचा दर्जा कमी करून पाहिला होता, पानं ८०० केबीची झाली आणि सगळं सुरळीत चालू लागलं. औषध लागू पडलं, पण रोगाचं निदान चुकलं होतं. जुन्या छपाईची बारीक अक्षरं त्या कमी दर्जात फुटत होती, म्हणून तो उपाय सोडावा लागला.

तिसरी खूण म्हणजे ब्राउझर. तीच फाइल क्रोम किंवा फायरफॉक्समधून चढवली की अजिबात थांबत नाही, कारण ब्राउझर हा प्रश्न विचारतच नाहीत. वेबपानावरच्या जावास्क्रिप्टलाही हे हेडर लावण्याची मनाई आहे. ‘ब्राउझरमधून पळतं, स्क्रिप्टमधून रांगतं’ असं कुणी सांगितलं की मी आधी या ओळीकडे बघतो.

तातडीचा उपाय एका ओळीचा आहे. हेडरचं नाव देऊन पुढे काहीच न लिहिता कर्लला सांगायचं की ते पाठवू नकोस:

```
curl -H "Expect:" -T pan-0112.jpg $URL
```

त्या दिवशी हे केलं आणि पुढचा खंड साडेतीन मिनिटांत चढला. बाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. पण प्रश्न विचारायचाच बंद करणं म्हणजे शेतकऱ्यानं फोन न करता दर वेळी टेम्पो काढणं. ४३० लहान पानांना ते चालतं, मोठ्या फाइलींना परवडत नाही. खंडाची एकत्र पीडीएफ १८० एमबीची होती. म्हणून फोन उचलणारा कुणीतरी दारात बसवायचं ठरलं, आणि त्या घरगुती प्रोग्रामपुढे एंजिनएक्स उभा केला.

एंजिनएक्स हा सर्व्हर आहे आणि प्रॉक्सीही. येणाऱ्या विनंत्या तो दारात घेतो आणि आतल्या प्रोग्रामकडे पोचवतो. त्याला `Expect` चांगलं समजतं. बॉडी वाचायला घेताना तो स्वतःच `100 Continue` म्हणतो. आता कर्लला होकार लगेच मिळणार, असं आम्हाला वाटलं. पहिल्याच पानाला उत्तर आलं ४१३, फाइल फार मोठी. एंजिनएक्सच्या नोंदवहीत ओळ होती:

```
client intended to send too large body: 2411724 bytes
```

‘इंटेंडेड’ हा शब्द मला तिथे फार अचूक वाटतो. पाठवायचा बेत होता, पाठवलं नव्हतं. एंजिनएक्सची बॉडीची मर्यादा, आपण बदलली नाही तर, एक मेगाबाइट असते. त्यानं हेडरमधला आकडा पाहिला, तो मर्यादेबाहेर होता, आणि होकार न देता थेट नकार पाठवला. कर्लनं फाइलचा एकही बाइट खर्च केला नाही. `Expect` ज्या कामासाठी जन्माला आलं ते काम त्या क्षणी आमच्या डोळ्यांसमोर झालं. हेडर काढून टाकलेलं असतं तर कर्लनं नकार येण्याआधीच फाइल ढकलायला सुरुवात केली असती.

तसं झालं की काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ‘कनेक्शन रीसेट’ या गूढ तक्रारीचा उगम बऱ्याचदा इथे असतो. सर्व्हरनं नकार दिला आणि कनेक्शन बंद केलं, पण पाठवणाऱ्याचे बाइट येतच राहिले, तर सर्व्हरचं यंत्र त्यांना उत्तर म्हणून जोडणी तोडल्याचा संदेश पाठवतं. तो संदेश पोचला की पाठवणाऱ्याच्या यंत्रात वाचायचं राहिलेलं ४१३ चं उत्तरही पुसलं जाऊ शकतं. मग माणसाला दिसतं फक्त ‘रीसेट’. फाइल मोठी होती, की पासवर्ड चुकला होता, की तार तुटली होती, काहीच कळत नाही. हे टाळण्यासाठी एंजिनएक्स नकार दिल्यावरही थोडा वेळ येणारे बाइट वाचून टाकत राहतो, पण त्यालाही मर्यादा आहे. `client_max_body_size` ३०० एमबी केल्यावर पानं पुन्हा वाहू लागली, या वेळी प्रश्न विचारून आणि लगेच उत्तर मिळवून.

आणि मग आठवड्यानं ती संध्याकाळ आली. १८० एमबीची पीडीएफ पूर्ण चढली आणि शेवटी उत्तर आलं ४०१. स्क्रिप्टच्या ओळखपत्राची मुदत संपली होती. सेकंदाला ४० मेगाबिटनं ३६ सेकंद आपण फाइल पाठवत होतो, आणि जे हेडर वाचल्याबरोबर सांगता आलं असतं ते ३६ सेकंदांनंतर सांगितलं गेलं. `Expect` तर लावलेलं होतं. होकारही मिळाला होता. तो दिला कुणी?

होकार दिला दारातल्या वॉचमननं. फोन त्यानं उचलला, “या” म्हणाला, आणि मालकाला विचारलंच नाही. एंजिनएक्स प्रॉक्सी म्हणून काम करतो तेव्हा `Expect` हेडर आत पाठवत नाही, वाटेतच काढून टाकतो. होकार स्वतः देतो. एवढंच नव्हे, त्याची मूळ पद्धत अशी की आधी अख्खी बॉडी स्वतःकडे साठवायची, मोठी असेल तर डिस्कवर, आणि मगच आतल्या प्रोग्रामशी बोलायचं. यामागे कारण आहे. आतला प्रोग्राम एका वेळी थोड्याच लोकांना सांभाळू शकतो, संथ लाइनीवरच्या गिऱ्हाइकांनी त्याला अडकवून ठेवू नये म्हणून हा साठा. पण त्याचा परिणाम असा की ओळखपत्र तपासणारा आतला प्रोग्राम फाइल पूर्ण येईपर्यंत हेडरांचं तोंडही पाहत नाही.

एचटीटीपीचा नियम प्रॉक्सीकडून वेगळं काही मागतो. प्रश्न मूळ सर्व्हरकडे पुढे न्यावा, तिकडून आलेला होकार मागे आणावा, किंवा प्रॉक्सीला स्वतःलाच नकार द्यायचा असेल तर तिथेच द्यावा. पुढचा सर्व्हर जुन्या १.० बोलीचा आहे असं वाटलं तर प्रॉक्सीनं स्वतः होकार द्यायला हरकत नाही. प्रत्यक्षात प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. हाप्रॉक्सी साधारणपणे प्रश्न पुढे नेतो. पण त्याला आधी बॉडी साठवायला सांगितलं की तोही स्वतःच होकार देऊन मोकळा होतो. अपाचे या हेडरचा भलताच चतुर उपयोग करतो. त्याच्या प्रॉक्सीत `ping` हा पर्याय लावला की तो आतल्या सर्व्हरला हाच प्रश्न विचारतो, तिकडचं दार उघडं आहे ना, कनेक्शन जिवंत आहे ना, हे बॉडी पाठवण्याआधी कळावं म्हणून.

जुन्या काळात तर काही जण प्रश्नावरच चिडायचे. ४१७ हा कोड म्हणजे ‘तुमची अपेक्षा मला पुरी करता येणार नाही’. जुना स्क्विड प्रॉक्सी एचटीटीपी/१.० बोलायचा आणि हे हेडर दिसलं की ४१७ परत करायचा. लाइटटीपीडी सर्व्हरचंही तेच, पुढे त्यात हे वागणं बंद करण्याची सोय आली. डॉटनेटचे प्रोग्राम हे हेडर न सांगता लावत असल्यामुळे अनेकांना ४१७ चं कोडं पडलं. आपण जे लिहिलंच नाही त्याबद्दल नकार का येतोय, ते त्यांना उमगेना. नियम असा आहे की ४१७ आला तर पाठवणाऱ्यानं तीच विनंती हे हेडर काढून पुन्हा करावी. कर्ल तसं करतो, प्रत्येक प्रोग्राम करतोच असं नाही.

आमच्या ३६ सेकंदांचा इलाज एंजिनएक्समध्येच सापडला. वॉचमनला ओळखपत्र तपासायला शिकवायचं:

```
location /khand {
    auth_request /tapasa;
    client_max_body_size 300m;
    proxy_pass http://127.0.0.1:8080;
}
location = /tapasa {
    internal;
    client_max_body_size 300m;
    proxy_pass http://127.0.0.1:8080/auth;
    proxy_pass_request_body off;
    proxy_set_header Content-Length "";
}
```

`auth_request` ची ओळ सांगते की फाइलला हात लावण्याआधी फक्त हेडर घेऊन आतल्या प्रोग्रामला विचार, हा माणूस आपला आहे का. ही तपासणी बॉडी वाचण्याच्या आधीच्या टप्प्यावर होते. आत ‘नाही’ म्हटलं तर एंजिनएक्स `100 Continue` न देता ४०१ देतो आणि कर्ल फाइल पाठवतच नाही. मुदत संपलेलं ओळखपत्र मुद्दाम लावून आम्ही १८० एमबीची फाइल पाठवून पाहिली. नकार डोळ्याचं पातं लवेपर्यंत आला. आतल्या प्रोग्रामात त्यासाठी `/auth` नावाचा एक लहान रस्ता लिहावा लागला, एवढाच खर्च.

साठवणं बंद करून, म्हणजे `proxy_request_buffering off` करून, हेच साधता येईल असं काहींना वाटतं. पुरतं साधत नाही. बॉडी साठवली नाही तरी होकार एंजिनएक्सच देतो. आतून आलेला नकार लवकर कळतो हे खरं, पण तोवर फाइल वाटेला लागलेली असते.

आतला प्रोग्राम गो भाषेत लिहिला आणि वॉचमनशिवाय थेट दारात ठेवला तर वागणूक आणखी नेटकी असते. गोचा सर्व्हर `100 Continue` तेव्हाच पाठवतो जेव्हा आपला कोड बॉडीचा पहिला बाइट वाचायला जातो. आधी ओळखपत्र तपासा, मग वाचा, इतका साधा क्रम पाळला की प्रश्नाचं उत्तर खऱ्या मालकाकडून जातं. नोडमध्ये त्यासाठी `checkContinue` नावाची घटना आहे. तिला कुणी कान दिला नाही तर नोड सरसकट होकार देऊन टाकतो.

एवढ्या बारक्या हेडरात जोखीमही दडलेली आहे. पाठवणाऱ्यानं प्रश्न विचारला, सर्व्हरनं होकार न देता थेट शेवटचं उत्तर दिलं, आणि बॉडी गेलीच नाही, अशा वेळी ते कनेक्शन पुढच्या विनंतीसाठी वापरायचं की नाही? सर्व्हर कदाचित अजून तेवढ्या बाइटांची वाट पाहत असेल. पुढची विनंती तो बॉडी समजून गिळेल. गो भाषेच्या क्लायंटमध्ये नेमकी हीच चूक होती. अशा उत्तरानंतर कनेक्शन बिघडलेल्या अवस्थेत राहायचं आणि पुढची विनंती फसायची. गोवर चालणाऱ्या रिव्हर्स प्रॉक्सीला कुणी मुद्दाम अशा विनंत्या पाठवून आतली कनेक्शनं निकामी करू शकत होता. जुलै २०२४ मध्ये ती दुरुस्त झाली, नोंद सीव्हीई-२०२४-२४७९१. दारातला आणि आतला, दोघांची ‘बॉडी कुठे संपली’ याबद्दल समजूत वेगळी झाली की एकाची विनंती दुसऱ्याच्या पोटात जाते. त्यामुळे हे हेडर हाताळणारा प्रॉक्सी जुन्या आवृत्तीवर ठेवू नये.

एचटीटीपी/२ मध्ये एकाच कनेक्शनवर अनेक विनंत्या समांतर चालतात आणि त्यातली एखादी कनेक्शन न तोडता रद्द करता येते. ‘थांबा, नको’ असं अध्येमध्ये सांगणं तिथे स्वस्त आहे, म्हणून आधी विचारण्याची निकडही कमी. पण कारखान्यातली यंत्रं, स्कॅनर, हिशेबाची जुनी सॉफ्टवेअरं आणि आमच्या वाचनालयासारख्या ठिकाणच्या स्क्रिप्ट अजून १.१ वरच बोलतात आणि पुढेही बरीच वर्षं बोलतील.

ढगातल्या साठवणुकीत या हेडरचा उपयोग आजही रोखठोक आहे. ॲमेझॉनच्या एस३ मध्ये नवी बकेट उघडल्यावर सुरुवातीला काही काळ विनंतीला ३०७ असं उत्तर येऊ शकतं, म्हणजे ‘इथे नको, त्या पत्त्यावर जा’. प्रश्न न विचारता ५ जीबी पाठवले आणि शेवटी कळलं की पत्ता चुकला, तर तेवढेच ५ जीबी पुन्हा पाठवावे लागतात. आधी विचारलं तर पत्ता बदलायला फक्त हेडरांची फेरी लागते. तिथे हे हेडर काढून टाकण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

वाचनालयात आता दोन्ही पद्धती चालतात. एकेक पान चढवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये `-H "Expect:"` आहे, कारण अर्ध्या सेकंदाच्या कामासाठी फेरी मारून विचारण्यात अर्थ नाही आणि नकार मिळाला तरी २.४ एमबीच वाया जातात. पूर्ण खंडाची पीडीएफ चढवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हेडर ठेवलं आहे आणि दारात ओळखपत्र तपासणारा एंजिनएक्स आहे. तुमच्याकडेही फाइली ठरावीक वेळ थांबून मग सुटत असतील तर लाइन बदलण्याआधी `-v --trace-time` लावून एक फाइल पाठवा आणि `Done waiting for 100-continue` ही ओळ दिसते का ते पाहा. दिसली, तर दोष नेटचा नाही. तुमच्या प्रश्नाला पलीकडून कुणी उत्तर देत नाहीये.